अ‍ॅमिकासिनची पहिली बाटली लावण्याआधीची दहा मिनिटं

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते, तिथे तिशीतला एक पेशंट पोटातल्या गळवासाठी दाखल होता. त्याला रोज सकाळी अ‍ॅमिकासिन हे अँटिबायोटिक जात होतं. नवव्या दिवशी ड्रेसिंग चालू असताना तो म्हणाला, "सिस्टर, कानात रातकिडे ओरडतायत." अशक्तपणा असेल, असं म्हणून मी पुढच्या बेडकडे वळले. आणखी तीन डोस गेले. महिन्याभराने तो फॉलोअपला आला, तेव्हा बायको तक्रार करत होती, की कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी यांना पत्ता लागत नाही. ते ऐकू येणं परत आलं नाही.

त्या दिवसापासून अ‍ॅमिकासिन किंवा जेंटामायसिनचा पहिला डोस लावण्याआधी मी काही गोष्टी स्वतः बघते. नवीन मुलींनाही तेच शिकवते. खाली लिहिलंय ते त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरचं माणूस आत्ता वॉर्डात आहे त्यांच्यासाठीही. कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण वजन, घरच्या गोळ्या आणि जुनी इंजेक्शनं यांची खरी माहिती बहुतेक वेळा नर्स आणि नातेवाईक यांच्याकडेच असते.

कुठल्या गटाला कुठे बघायचं

सगळ्या अँटिबायोटिक्सना एकच चाचणी लावून चालत नाही. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन, म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन वगैरे, यांच्यात पहिली काळजी अ‍ॅलर्जीची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या मंडळींत टाचेमागची शीर दुखणं, साखर खालीवर होणं आणि हृदयाचा ठोका बिघडणं. अझिथ्रोमायसिनमध्येही ठोक्याचा प्रश्न असतो. लिनेझोलिड लांबलं तर प्लेटलेट उतरतात. व्हँकोमायसिन घाईने सोडलं तर मान आणि छाती लालबुंद होऊन खाजते, म्हणून १ ग्रॅमला किमान एक तास द्यायचा. किडनीलाही ते त्रास देऊ शकतं. कोलिस्टिन किडनीच्या बाबतीत याहून वाईट.

पण किडनी आणि कान, दोन्हींवर एकदम घाव घालणारा गट म्हणजे अमिनोग्लायकोसाइड: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन, टोब्रामायसिन. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, त्यानंतर काहीच वर्षांत टीबीच्या पेशंटना चक्कर आणि बहिरेपणा येतो हे लक्षात आलं होतं. म्हणजे हा दुष्परिणाम गटाइतकाच जुना आहे. तरीही हा गट टिकला, कारण लघवीच्या आणि पोटाच्या हट्टी जंतूंवर तो झपाट्याने काम करतो, आणि स्वस्त आहे. गावातल्या दवाखान्यात लघवीच्या इन्फेक्शनला "पाच दिवस सुई" म्हणून दिलं जातं ते पुष्कळदा हेच.

नुकसान होतं कसं

हे औषध पोटातून जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून शिरेतून किंवा स्नायूत द्यावं लागतं. शरीरात त्याचं पचन होत नाही. जसं जातं तसंच किडनीतून बाहेर पडतं. पडता पडता थोडंसं किडनीच्या नळ्यांच्या पेशींत शिरतं आणि तिथेच साठत राहतं. पेशींची ही ओढून घेण्याची ताकद मर्यादित असते. रक्तात औषध एकदम खूप आलं तरी पेशी ठरावीकच घेतात, पण थोडं थोडं दिवसभर राहिलं तर दिवसभर घेत बसतात. म्हणूनच दिवसातून तीनदा थोडं देण्यापेक्षा एकदाच पूर्ण डोस देणं किडनीला सोसतं. जंतूंसाठीही तेच चांगलं, कारण हे औषध एकदम उंच पातळीवर गेलं की जास्त मारतं आणि उतरल्यावरही काही तास त्याचा दाब राहतो.

किडनीचा बिघाड साधारण पाच ते सात दिवसांनी दिसू लागतो, आणि इथेच आपण फसतो. लघवी कमी होत नाही. युरीन बॅग भरलेली बघून सगळे निर्धास्त, आणि आत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा कचरा, चढत असतं. वेळीच औषध थांबवलं तर किडनी बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरते.

कानाचं तसं नाही. आतल्या कानात केसासारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुराच्या. त्यामुळे बोललेलं ऐकू येत राहतं, पण कुकरची शिट्टी, मोबाइलची बारीक रिंग, चिमणीचा आवाज हरवतो. मग 'स' आणि 'श' निसटायला लागतात. अ‍ॅमिकासिन जास्त करून ऐकण्यावर जातं. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलावर जास्त जातात: अंधारात भेलकांडणं, चालताना समोरची पाटी हलताना दिसणं. औषध कानातल्या द्रवातून सावकाश निघतं, त्यामुळे शेवटचा डोस होऊन गेल्यावरही काही आठवडे नुकसान वाढू शकतं.

एक आजी, आणि केसपेपरवरचे दोन आकडे

मागच्या पावसाळ्यात ६७ वर्षांच्या एक आजी आल्या. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कंबरेत उजवीकडे दुखणं, बीपी ९८/६०. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी रक्त आणि लघवी कल्चरला पाठवायला सांगितली आणि अ‍ॅमिकासिन ९०० मिलिग्रॅम लिहिलं. केसपेपरवर वजन ६०, क्रिएटिनिन १.३. वरवर बघता यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

*आधी वजन.* "साठ असेल," असं सुनेने नोंदणीच्या खिडकीवर सांगितलं होतं. आजींचे दंड बघून मला ते पटेना. काटा बेडजवळ आणला, सुनेचा आधार देऊन उभं केलं, मग पाऊल स्थिर झाल्यावर क्षणभर हात सोडायला लावला. काटा ४६ वर थांबला. अ‍ॅमिकासिन किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने लिहितात. साठला ९०० होतात, ४६ ला ६९०. म्हणजे एका डोसात २१० मिलिग्रॅम जास्त गेलं असतं. उभं राहता येत नसेल तर नातेवाइकाने उचलून घेऊन दोघांचं वजन करायचं आणि त्याचं वजा करायचं, नाहीतर गेल्या महिन्याभरातला एखादा दवाखान्याचा कागद शोधायचा. खूप स्थूल माणसात याउलट होतं. तिथे पूर्ण वजन धरलं तर डोस फुगतो, म्हणून उंचीवरून काढलेलं आदर्श वजन घेऊन, त्यात वरच्या जादा वजनाचा ४० टक्के भाग मिळवतात.

*मग क्रिएटिनिनचा खरा अर्थ.* १.३ म्हटलं की लोक "थोडंसंच वाढलंय" म्हणतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि आजींच्या अंगावर स्नायू होते कुठे? म्हणून वय आणि वजन घालून हिशेब करावा लागतो. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. आजींचं असं झालं:

१४० − ६७ = ७३
७३ × ४६ = ३३५८
७२ × १.३ = ९३.६
३३५८ ÷ ९३.६ = ३५.९
३५.९ × ०.८५ = साधारण ३०

म्हणजे किडनी मिनिटाला साधारण ३० मिलिलिटर रक्त साफ करते. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. आता गंमत बघा. वजन ६० धरलं असतं तर हेच उत्तर ४० आलं असतं. एकच चुकीचं वजन डोस वाढवतं आणि वर किडनी आहे त्यापेक्षा बरी दाखवतं. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात, म्हणून मी वजनावर इतकी अडून बसते.

या सूत्राची एक मर्यादा नवीन मुली विसरतात. क्रिएटिनिन स्थिर असेल तरच ते खरं. किडनी काल रात्रीपासून बिघडत चालली असेल तर क्रिएटिनिन मागून येतं, आणि आज निघालेला ३० हा आकडाही प्रत्यक्षात वीसच असू शकतो. जुना रिपोर्ट मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. आजींचा जुना रिपोर्ट घरी होता. सुनेने नवऱ्याकडून फोटो मागवला: चार महिन्यांपूर्वी ०.९. म्हणजे चढ नवीन होता.

*आता पिशवी.* "घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की उत्तर येतं, "फक्त बीपीची." म्हणून मी पिशवीच मागते. आजींच्या पिशवीत बीपीची गोळी होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. मेडिकलमधून आणलेली गुडघ्याची गोळी होती, डायक्लोफेनॅक, सकाळ-संध्याकाळ. आणि आदल्या संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात ताप आणि दुखण्यासाठी एक इंजेक्शन झालं होतं, तेही त्याच जातीचं. उलट्यांमुळे पाणी पोटात टिकत नव्हतं. कोरडं शरीर, त्यावर पेनकिलर, त्यावर बीपीची गोळी: किडनी या तिघांनीच आधी दाबून ठेवलेली होती.

पिशवीत किंवा केसपेपरवर आणखी काय शोधायचं? फ्युरोसेमाइड, व्हँकोमायसिन, अ‍ॅम्फोटेरिसिन, कोलिस्टिन, कॅन्सरसाठी सिस्प्लाटिन, आणि नुकताच डाय देऊन काढलेला सीटी स्कॅन. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन सांगायचं. "औषधं चालू आहेत" एवढं सांगून त्यांना काही कळत नाही.

*शेवटी कान, आणि एक जुना प्रश्न.* मी विचारते, "पूर्वी टीबीची इंजेक्शनं घेतली होती का?" टीबी उलटलेल्या पेशंटना काही वर्षांपूर्वीपर्यंत गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनं द्यायचे, आठवड्यातून तीनदा, दोन महिने. ज्यांना औषधांना दाद न देणारा टीबी झाला त्यांना कॅनामायसिन महिनोन्‌महिने घ्यावं लागे. आता तिथे गोळ्यांवरच भर आहे, पण त्या काळातून गेलेली माणसं आपल्या वॉर्डात येतात आणि त्यांचे कान आधीच झिजलेले असतात. आजी म्हणाल्या, "घेतली की. दंडाला गाठी व्हायच्या." सून म्हणाली, टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जातो.

दुसरा प्रश्न आईकडच्या नात्याचा. आई, मावशी, मामा, सख्खी भावंडं यांच्यात कुणाला इंजेक्शनांनंतर अचानक बहिरेपण आलं होतं का? काही घराण्यांत एक जनुकीय बदल आईकडून मुलांत उतरतो, आणि तो असेल तर अगदी एखाद-दुसऱ्या डोसनेही, पातळी बरोबर असूनही, कायमचं बहिरेपण येऊ शकतं. उत्तर 'हो' आलं तर हा गट टाळायचाच, जीवावर बेतलेलं असून दुसरं काही उपलब्ध नाही असं असेल तेवढं सोडून. तिसरा प्रश्न: संध्याकाळी पापण्या गळतात का, गिळताना त्रास होतो का? मायस्थेनिया असेल तर हे औषध स्नायू आणखी ढिले करतं, श्वासापर्यंत. गरोदर बाई असेल तर बाळाच्या कानाचा विचार, म्हणून तेही विचारायचं.

बेडवरची तपासणी दोन मिनिटांची. मागे उभं राहून एका कानाजवळ बोटं चोळायची, मग दुसऱ्या. कुजबुजत तीन आकडे म्हणायचे. बसता येत असेल तर कॅलेंडरवरची एक ओळ डोकं स्थिर ठेवून वाचायला लावायची, मग डोकं हळू डावी-उजवीकडे हलवत तीच ओळ. दुसऱ्या वेळी अक्षरं नाचली तर तोल आधीच कच्चा आहे. जे आढळलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं, कारण सातव्या दिवशी कुणी "आधीपासूनच असं होतं" म्हटलं तर दुसरा पुरावा नसतो. औषध काही दिवस चालणार असेल तर पहिल्या तीन दिवसांत ऑडिओमेट्री करून घ्यावी. साधी ऑडिओमेट्री ८००० हर्ट्झपर्यंतच मोजते. नुकसान त्याच्या वरून सुरू होतं, म्हणून जिथे उंच सुरांची सोय आहे तिथे ती मागावी.

डॉक्टरांना काय सांगितलं

फोनवर मी एवढंच बोलले: "सर, वजन ६० नाही, ४६ आहे. हिशेबाने किडनी ३० वर येते. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन ०.९ होतं. डायक्लोफेनॅक रोज चालू, काल इंजेक्शनही. पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन झालंय, ऐकायला कमी येतं. अ‍ॅमिकासिनच लावू का?" ते वरून खाली आले, आजींना बघितलं आणि मेरोपेनेम १ ग्रॅम लिहिलं. पहिला डोस लगेच, पुढचे किडनीच्या हिशेबाने दर १२ तासांनी. मेरोपेनेमचेही आपले प्रश्न आहेत. फिट येतात का आणि व्हॅल्प्रोएट चालू आहे का, हे विचारावं लागतं, कारण मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी पाडतं आणि फिट सुटते. आजींचं दोन्हींना 'नाही' आलं. गुडघ्याची गोळी बंद, बीपीची गोळी थांबवली, सलाइन चालू. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.० वर आलं, म्हणजे त्याच सूत्राने साधारण ४०.

या सगळ्याला दहा मिनिटं लागली, आणि तीसुद्धा कल्चरचं रक्त काढणं, सलाइन जोडणं चालू असतानाच. हे मुद्दाम लिहिते, कारण तपासणीच्या नावाखाली डोस रखडवणं हीसुद्धा चूक आहे. बीपी पडलेला सेप्सिसचा पेशंट असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलंच पाहिजे. ऑडिओमेट्रीची वाट बघत बसायचं नाही. आणि डॉक्टरांनी सगळं ऐकूनही अ‍ॅमिकासिनच ठरवलं तर पहिला डोस पूर्णच द्यायचा. किडनी मंद असेल तर पुढच्या डोसमधलं अंतर वाढवतात, पहिला डोस कापत नाहीत. अर्धा डोस जंतूंना पुरत नाही.

लावायचंच ठरलं तर

समजा त्याच ४६ किलोच्या बाईला ६९० मिलिग्रॅम द्यायचंय. आपल्याकडे मिळणारी ५०० ची बाटली २ मिलिलिटरची असते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५०. ६९० भागिले २५० म्हणजे २.७६ मिलिलिटर: एक पूर्ण बाटली आणि दुसरीतून पाऊण मिलिलिटरच्या जरा वर. पण बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचायचा. १०० आणि २५० च्या बाटल्याही २ मिलिलिटरच्याच असतात आणि घाईत सारख्याच दिसतात. हे १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून अर्धा ते एक तासात सोडायचं. पेनिसिलिन गटाचं औषध त्याच बाटलीत मिसळायचं नाही, दोघं एकमेकांना निकामी करतात. सुरू केल्याची वेळ मिनिटासह लिहायची, कारण पुढे पातळी तपासायची झाली तर त्या वेळेशिवाय रिपोर्ट वाचता येत नाही. पुढच्या डोसच्या आधी काढलेल्या रक्तात अ‍ॅमिकासिन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली असावं.

इथे टेस्ट डोसबद्दल एक शब्द. आपल्याकडे कुठल्याही अँटिबायोटिकपुढे 'एएसटी' लिहायची सवय आहे, आणि मुली अ‍ॅमिकासिनचीही दंडावर फुगी काढतात. याचा उपयोग नाही. किडनी आणि कानाचं नुकसान फुगीत दिसत नाही, आणि पेनिसिलिन गटातही फुगी आली नाही म्हणजे रिअ‍ॅक्शन येणार नाही असं नसतं. त्यापेक्षा विचारा: पूर्वी कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला असं झालं का? किती वेळात झालं? मग अर्धा तास पेशंटजवळ राहा आणि अ‍ॅड्रिनलिन ट्रेमध्ये फोडायच्या तयारीत ठेवा. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत.

पुढच्या दिवसांत क्रिएटिनिन निदान एक दिवसाआड. दोन दिवसांत ०.३ ने वाढलं किंवा पहिल्याच्या दीडपट झालं तर पुढचा डोस लावण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. लघवी भरपूर होतेय हे उत्तर नाही. रोज सकाळी एकच प्रश्न: "कानात काही वाजतंय का, कान भरल्यासारखे वाटतात का, उठताना गरगरतं का?" 'हो' म्हटलं तर तो डोस लगेच लावायचा नाही, आधी फोन करायचा. आणि तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट हातात आला की मी फाईल उघडून विचारते, "सर, हे बदलता येईल का?" पाचव्या दिवशी अजून चालू असेल तर पुन्हा विचारते. डॉक्टर कधी कधी वैतागतात. वैतागू देत.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर मी औषधाचं नाव आणि एकूण किती डोस झाले ते पेनाने लिहून ठेवते, छापील यादीत ते बहुतेकदा नसतं. आणि नातेवाइकाला सांगते, पुढचा महिनाभर फोनची रिंग ऐकू येते का बघा, अंधारात बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते का बघा, तसं झालं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे हे कार्ड घेऊन जा. आजींच्या कार्डावर मात्र वेगळं लिहिलं: "जुनं स्ट्रेप्टोमायसिन, ऐकू कमी येतं, वजन काट्यावर ४६." सून म्हणाली, "वजन कशाला लिहिता?" म्हटलं, पुढच्या वेळी खिडकीवर साठ सांगू नका म्हणून.